एकही संवाद नसलेलं बंद घर: आमच्या लेव्हलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगडकडच्या एका बंद घराची ही व्हिडिओ गेममधली लेव्हल आम्ही तिघांनी मिळून बनवली. घरात माणूस नाही, आवाजातलं निवेदन नाही, पडद्यावर एकही वाक्य येत नाही. त्यामुळे खेळून झालेले लोक आम्हालाच विचारत बसतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. खाली सगळा उलगडा आहे, तेव्हा खेळायचं राहिलं असेल तर आधी खेळून या.

१. ‘एनव्हायर्नमेंटल स्टोरीटेलिंग’ म्हणजे जुन्या वस्तू मांडून ठेवणं, एवढंच ना?

नाही. वस्तू मांडणं ही सजावट. इथे वस्तूवरून कोणी काय केलं हे कळावं लागतं. ही कल्पना गेमवाल्यांनी बरीचशी थीम पार्ककडून उचलली. डॉन कार्सन या थीम पार्क डिझायनरने २००० साली गेम बनवणाऱ्यांसाठी यावर एक लेख लिहिला होता, तेव्हापासून हा शब्द आमच्या धंद्यात रुळला.

आम्ही एकच कसोटी लावतो. वस्तू खोलीतून काढून टाकली तर गोष्टीतलं काही कळायचं राहतं का? राहत नसेल तर ती सजावट. आमच्या घरातला तांब्याचा बंब सजावट आहे, तो न्हाणीघर न्हाणीघरासारखं दिसावं म्हणून आहे. पण दाराच्या कुलपाला बांधलेली दुधाची रिकामी प्लास्टिकची पिशवी सजावट नाही. पावसात कुलूप गंजू नये म्हणून आपल्याकडे ती बांधतात. म्हणजे कुलूप लावणारा माणूस परत येऊन ते उघडणार होता.

२. या घरात नेमकं घडलं काय? एकदा सरळ सांगून टाका.

घरात एक आजी एकट्या राहायच्या, मुलं मुंबईला. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा माजघरावरची कौलं उडाली आणि एक वासा मोडला. आजींना मुलांनी मुंबईला नेलं. सप्टेंबरात गणपतीला (त्या वर्षी चतुर्थी १० तारखेला होती) सगळी मंडळी आली. छप्पर दुरुस्त करायला ना वेळ होता ना गवंडी मिळाला, म्हणून त्यांनी पूर्ण माजघर सोडून फक्त गणपती बसतो तेवढ्या जागेवर निळी ताडपत्री ओढली आणि तिथेच गणपती आणला. विसर्जन झालं, घर नीट आवरलं, कुलूप लावलं. त्यानंतर कोणी आलं नाही. खेळाडू पोहोचतो तो मे २०२३ मध्ये.

घर आणि कुटुंब काल्पनिक आहे. वादळ आणि तारखा खऱ्या आहेत.

३. एखादी चिठ्ठी, डायरी, जुनी कॅसेट तरी ठेवायची होती. का नाही ठेवली?

ठेवली होती. पहिल्या आवृत्तीत आजींनी मुलाला लिहिलेलं पत्र होतं. त्याचा परिणाम असा झाला की खेळाडू पत्र शोधायला लागले आणि भिंतींकडे बघेनासे झाले. पत्र सापडलं की त्यांच्या लेखी घर संपलं. शिवाय मुलगा रोज फोनवर भेटत असताना आजी पत्र कशाला लिहितील, हा प्रश्न माझ्या आईनेच विचारला. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता नियम असा: घरात एरवीही असतं आणि जे खेळाडूसाठी लिहिलेलं नाही, तेवढंच लिखाण चालेल. त्यात सगळ्यात महत्त्वाची ओटीवरची दिनदर्शिका. मे महिन्याचं पान उघडं आहे, रोजच्या चौकोनात दुधाची पेनाने केलेली खूण आहे, ती १५ तारखेपर्यंत. पुढचे चौकोन कोरे. बघणाऱ्याला वाटतं घर मे महिन्यात सुटलं. आम्हाला तसंच वाटायला हवं आहे. गणपतीला आलेल्या लोकांच्या खिशात फोन होते, पान उलटायची गरज कोणाला पडली नाही. दिनदर्शिका खोटं बोलत नाही, ती फक्त आजींपुरतं बोलते. ती चुकीची कशी ठरते ते पुढच्या उत्तरात.

४. तारीख कुठेच नाही, मग आधी काय घडलं आणि नंतर काय, हे खेळाडूला कळतं कसं?

काय कशाच्या वर आहे, यावरून. जमिनीच्या थरांवरून काळ ओळखतात तसंच. खाली असलेलं आधीचं, वर असलेलं नंतरचं. सगळी लेव्हल या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिंधुदुर्गात गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवतात. चुना किंवा रंग देऊन त्यावर कमळ, मोर, वेलबुट्टी काढतात. आमच्या माजघरातली ही भिंत ३ मीटर रुंद आहे आणि तिच्यावर तीन थर आहेत. सगळ्यात खाली वादळानंतर आत आलेल्या पाण्याचा तपकिरी ओघळ. त्याच्यावर आकाशी रंगाचा हात आणि गुलाबी कमळं. रंग पातळ असल्यामुळे खालचा ओघळ डावीकडच्या कमळाच्या पाकळीतून थोडा वर आला आहे. आणि सगळ्यात वर, ताडपत्री फाटल्यावर गळलेल्या पाण्याचा दुसरा ओघळ. हा कमळावरून खाली येतो आणि त्याने रंगाचे पापुद्रे सोडवले आहेत.

भिंतीसमोर नुसतं उभं राहिलं तरी क्रम लागतो: पाणी आलं, मग कोणीतरी रंगवलं, मग पुन्हा पाणी आलं. छप्पर उडाल्यानंतर माणसं इथे परत आली होती, हे सांगणारी ही घरातली पहिली खूण. मे महिन्याचं पान इथे खोटं पडतं.

तोच नियम जमिनीवर. माजघरात फुटलेल्या कौलांचा ढीग एका कोपऱ्यात केराच्या सुपलीने लोटल्यासारखा आहे, म्हणजे वादळानंतर झाडलं गेलं. पण झाडलेल्या मोकळ्या जमिनीवर पुन्हा दोन-तीन कौलं पडलेली आहेत, ती जिथे पडली तिथेच. ती पडली तेव्हा झाडायला कोणी नव्हतं.

करताना आमची चूक झाली होती ती सांगतो. ओघळ आणि चित्र वेगवेगळ्या डीकलने, म्हणजे भिंतीवर स्टिकरसारख्या चिकटवलेल्या चित्रांनी, लावले होते, आणि कोणतं डीकल वर येणार हे आम्ही ठरवून दिलं नव्हतं. एका फोनवर पहिला ओघळ चित्राच्या वर दिसायचा. दिसायला फरक एवढासा, पण गोष्ट उलटी व्हायची: आधी रंगवलं, मग छप्पर गेलं. शेवटी ही एक भिंत आम्ही डीकलशिवाय, २०४८ पिक्सेलच्या एकाच टेक्स्चरमध्ये, म्हणजे भिंतीवर चढवायच्या एकाच चित्रात, तिन्ही थर रंगवून केली.

५. दोन वर्षांत घर इतकं पडकं होतं का? जरा जास्तच केलंय असं वाटतं.

कोकणात होतं, आणि आम्ही हात आखडताच घेतला आहे. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. कौलं शाबूत असतील तर चिऱ्याचं घर वर्षानुवर्षं उभं राहतं. एक कौल सरकलं की त्याखालची रीप कुजते, रीप गेली की शेजारची कौलं घसरतात. म्हणून पडझड घरभर सारखी नसते, ती एका जागेपासून पसरत जाते. बाजारात मिळणारे तयार ‘ओसाड घराचे’ संच इथेच फसतात. सगळ्या खोल्यांना सारखंच ओरबाडलेलं दाखवतात, वर सुकी धूळ आणि कोळिष्टकं. आपल्याकडच्या बंद घरात पावसाळ्यानंतर धुळीपेक्षा बुरशी, शेवाळ आणि पाचोळा जास्त असतो.

आम्ही छपराच्या नकाशावर गळतीची एक जागा धरली आणि तिथून अंतर मोजत खुणा बदलल्या. भोकाच्या अगदी खाली सारवलेली जमीन मऊ होऊन तिच्यात रोपं उगवली आहेत. चार पावलांवर शेवाळ, तेही मे महिना असल्यामुळे हिरवं नाही, काळं वाळलेलं. त्याही पलीकडे फक्त ओलीचा पट्टा, आणि खांबावर चढलेल्या वाळवीच्या मातीच्या नळ्या. स्वयंपाकघरावर छप्पर धड आहे, म्हणून तिथे डबेसुद्धा चकाकतात. खाऱ्या वाऱ्याने लोखंड मात्र सगळीकडेच खाल्लं आहे. मागच्या दाराची कडी गंजून तुटली आहे आणि त्यामुळे खेळाडूला तिथूनही आत येता येतं.

ताडपत्रीबद्दलही विचारतात. स्वस्तातली निळी ताडपत्री दोन उन्हाळ्यांत उन्हाने कडक होऊन चिरफाळते. आमची तशीच आहे, अर्धी लोंबणारी.

६. भिंतीवर रक्त आहे ना? खून झाला होता ना?

नाही हो. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि दोष आमचा होता.

चिरा म्हणजे जांभा दगड, त्याच्यातून झिरपलेलं पाणी लालसर डाग सोडतं. कोकणात वाढलेल्याला त्यात काही दिसत नाही. पण पडकं घर, अर्धा अंधार आणि भिंतीवर लाल ओघळ असं एकत्र आल्यावर बाकीचे लोक सरळ पोलिसांच्या भूमिकेत शिरतात. चाचणीला बसलेला माझा मावसभाऊ तर विळी शोधत फिरत होता, आणि विळी सापडल्यावर त्याला प्रचंड आनंद झाला.

तीन गोष्टी बदलल्या. रंग लालवरून विटकरी-तपकिरीकडे नेला. प्रत्येक ओघळ वरून, कौलांच्या कडेपासूनच सुरू होईल हे पाहिलं, कारण रक्ताचा डाग माणसाच्या उंचीवर असतो आणि पाण्याचा छपरापासून. आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते तिसरं: तोच ओघळ बाहेर, भर उन्हात, गडग्यावर आणि विहिरीच्या कठड्यावर दाखवला. घरात शिरण्याआधी डोळ्याला सवय झाली की आत भीती वाटत नाही. विळीही आता विळीच्या जागी, फडताळाखाली आडवी ठेवलेली आहे.

७. मी पडवीच्या पडक्या भिंतीतून शिरलो, मित्र मागच्या दाराने. दोघांची गोष्ट वेगळी का नाही झाली?

कारण ज्या दोन गोष्टींचा क्रम मोडून चालणार नव्हता, त्या आम्ही वाटेवर अशा ठेवल्या की चुकवता येत नाहीत. कुलूपबंद दार आणि दिनदर्शिका ओटीवर, घराबाहेर आहेत. कोणीही आधी समोरच्या दाराशीच जातो, दार उघडत नाही म्हणून वळसा घालतो. रंगवलेली भिंत माजघरात, घराच्या मधोमध आहे.

माजघराकडे ओढ लागावी म्हणून एकच युक्ती केली आहे, ती म्हणजे उजेड. घरात सगळीकडे पिवळट उजेड आहे, स्वयंपाकघरात काचेच्या कौलातून पडलेला एक चौकोन आहे, आणि फक्त माजघराच्या एका टोकाला ताडपत्रीतून गाळून आलेला निळा. कुठल्याही दाराने या, दूरवर निळं काहीतरी दिसतं. बाकी खोल्या मागेपुढे झाल्या तरी बिघडत नाही. मागून येणारा ताटं आधी बघतो आणि भिंत नंतर (ताटांचं प्रश्न १० मध्ये), पडवीतून येणारा उलट. दोघंही तिथेच पोहोचतात.

८. दारं इतकी बुटकी का? आणि दारातून जाताना कॅमेरा खाली का जातो?

जुन्या घरांची दारं बुटकीच असतात, वाकून जावं लागतं. आमचं माजघराचं दार १.५५ मीटर आहे. युनिटी या गेम इंजिनमध्ये खेळाडूला चालवणाऱ्या `CharacterController` ची उंची मुळात `2` असते, म्हणजे दोन मीटर, त्यामुळे पहिल्याच दिवशी खेळाडू दारात अडकला. उंबरठ्याचा त्रास नव्हता. तो १५ सेंटिमीटरचा आणि `Step Offset`, म्हणजे चढता येणारी पायरी, मुळातच `0.3` मीटर.

दार उंच केलं तर घर कोकणातलं राहत नाही. म्हणून चौकटीच्या वरच्या लाकडाचा कोलायडर, म्हणजे खेळाडूला अडवणारा अदृश्य आकार, काढून टाकला आणि दाराच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जागेत कॅमेरा २५ सेंटिमीटर खाली आणला. माणूस वाकल्यासारखं वाटतं. याचा एक फायदा नंतर लक्षात आला. वाकलेल्या माणसाची नजर जमिनीवर असते. म्हणून प्रत्येक दारापलीकडची पहिली खूण आम्ही जमिनीवर ठेवली, झाडलेल्या कौलांचा ढीगही त्यातलाच.

९. भिंतीसमोर छताला लटकणारी लाकडी चौकट काय आहे? मी पुण्याचा आहे, मला कळलंच नाही.

ती माटवी. गणपतीच्या डोक्यावर टांगतात आणि तिला आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घड, काकडी, कवंडाळं असं काय काय बांधतात. विसर्जनानंतर फळं काढून घेतात. म्हणून आमच्या माटवीला फळं नाहीत, फक्त झाडाच्या सालीच्या गाठी आणि चार-दोन वाळलेले टाळ उरले आहेत. खाली भिंतीला टेकवलेला गणपतीचा पाट आहे आणि त्याच्या कोपऱ्यात चिमूटभर वाळू. विसर्जनाहून परतताना पाटावर वाळू आणतात, म्हणजे गणपती बसला आणि पोचवलाही.

हे सगळं माहीत असलेल्याला क्षणात कळतं. माहीत नसलेल्याचं काय, यावर आमच्यात भांडण झालं होतं. एकाचं म्हणणं होतं की एक छोटी मूर्ती किंवा तसबीर ठेवू. मी अडून बसलो. विसर्जन झालेल्या घरात मूर्ती कशी असेल? तोडगा असा निघाला की माटवी न कळताही मूळ मुद्दा कळला पाहिजे: माजघराचं छप्पर उघडं असताना माणसांनी एवढाच तुकडा झाकला आणि एवढीच भिंत रंगवली. ज्याला गणपती कळत नाही त्यालाही या जागेचं महत्त्व कळतं. तुमच्या बाबतीत तेवढं झालं असेल तर पुरेसं आहे.

१०. किती माणसं आली होती हे कुठे दिसतं?

स्वयंपाकघरात. मांडणीच्या खालच्या फळीवर हाताशी एक ताट, एक वाटी, एक पेला. ताटाला रोजच्या घासण्याचे चरे पडलेले. हे आजींचं. वरच्या फळीवर सात ताटं उपडी घातलेली, जवळजवळ नवी. मुख्य म्हणजे उपडी. घाईत निघालेला माणूस ताटं उपडी घालत नाही. गाद्यांची वळकटीही उंदरांपासून वाचावी म्हणून दोरीने वाशाला टांगली आहे. घर सोडून पळालेल्यांच्या आणि घर बंद करून गेलेल्यांच्या खुणा वेगळ्या असतात. आमचं घर दुसऱ्या प्रकारचं.

११. वस्तू उचलता का येत नाहीत?

सुरुवातीला येत होत्या. लोकांनी कौलं विहिरीत टाकली. मजा आली, पण प्रश्न ४ मधले सगळे थर विस्कटले, आणि नंतर तेच खेळाडू विचारायला लागले की हा ढीग कोणी केला. आता पाच-सहाच वस्तू हातात घेऊन फिरवून बघता येतात आणि सोडल्या की जागच्या जागी परत जातात. पुरावा हलला की तो पुरावा राहत नाही, आणि आमच्याकडे दुसरा नाही.

१२. भूत कधी येतं?

येत नाही. रात्री खेळूनही येत नाही.

१३. मग आवाज का ठेवलेत? तेही बोलणंच झालं की.

समुद्र, वारा, ताडपत्रीची फडफड आणि वाशातला भुंगा, एवढंच आहे. पैकी फडफड मुद्दाम: निळा उजेड दिसायच्या आधी ती ऐकू येते. मे महिना असल्यामुळे पाणी ठिबकण्याचा आवाज नाही, कितीही मागितलात तरी.

१४. आजींचं काय झालं? गेल्या का?

मे २०२३ मध्ये त्या कुठे आहेत हे घराला माहीत नाही, म्हणून आम्हीही ते ठेवलेलं नाही. सप्टेंबरमध्ये त्या इथे होत्या एवढं मात्र घर सांगतं. रंगवलेल्या भिंतीसमोर, ताडपत्रीच्या बरोबर खाली, पांढरी प्लास्टिकची खुर्ची आहे. बाकीचे पाट स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवलेत. खाली बसता येत नाही अशा एकाच माणसासाठी ही खुर्ची आणली गेली, आणि आवरताना ती उचलायची राहिली.

काठीबद्दलही बरेच जण विचारतात. ओटीवर दाराच्या उजव्या कोपऱ्यात भिंतीला हातभर उंचीवर एक गुळगुळीत घासलेला खळगा आहे, आणि खाली कोब्यावर काठीच्या टोकाने पडलेली गोल खूण. वर्षानुवर्षं तिथे एकच काठी टेकवलेली असायची. काठी घरात कुठेच नाही. शोधू नका, आम्ही ठेवलेलीच नाही, त्या ती घेऊन गेल्या.